कपाट तेच, खर्च दर महिन्याला वेगळा. कॉस्ट शीट कुठे चुकतेय?

पत्रावाला_कुपवाड

नमस्कार मंडळी. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत माझं लोखंडी कपाटांचं छोटं वर्कशॉप आहे. साडेसहा फुटी, दोन दारी, २२ गेजच्या सीआर पत्र्याचं एकच मॉडेल बनवतो. मी, एक सुपरवायझर आणि नगावर काम करणारे आठ कारागीर.

दर महिन्याला सगळा खर्च बेरीज करून तयार झालेल्या कपाटांनी भागतो, त्यावर वीस टक्के चढवतो आणि डीलरला भाव देतो. जानेवारीत असं केलं तर एका कपाटाचा खर्च ६,३०० आला. मी ७,५६० भाव सांगून मिरजेच्या एका डीलरची चाळीस नगांची ऑर्डर घेतली. फेब्रुवारीत तीच पद्धत, तेच कपाट, तेच कारागीर, आणि खर्च आला ८,१२०! म्हणजे घेतलेल्या ऑर्डरीत नगामागे साडेपाचशेला खड्डा. दोन रात्री झोप नाही.

फेब्रुवारीचे आकडे देतो. सगळे जीएसटी सोडून आहेत, कारण त्याचं क्रेडिट मला मिळतं.

पत्रा, कुलपं, हँडल, बिजागऱ्या, रंग मिळून खरेदी ५,४०,०००. माल आणायचं भाडं-हमाली १२,०००. कारागिरांची नगावरची मजुरी ९६,०००. रंगाऱ्याचा ठेका, नगाला ४०० प्रमाणे ४०,००० (रंग आमचा). शेडचं भाडं, लाईट बिल, सुपरवायझर, वेल्डिंग रॉड-गॅस, मशीनची दुरुस्ती आणि घसारा मिळून ७४,०००. ऑफिस २०,०००. टेम्पो आणि डीलरचं कमिशन ४०,०००. पत्र्याचं भंगार विकून १०,००० आले ते वजा केले. बेरीज ८,१२,०००. कपाटं पूर्ण झाली १००, आणि शंभरही गेली, गोडाऊनला तयार माल एकही नाही.

कुणीतरी सांगा, खरा आकडा ६,३०० की ८,१२०?

---

मिरज_होलसेल

दोन्ही नाहीत, राव. फेब्रुवारीत तुम्ही जो पत्रा घेतला तो सगळा फेब्रुवारीच्याच कपाटांत गेला का? शेडमध्ये एक तारखेला काय होतं आणि अठ्ठावीसला काय उरलं ते सांगा आधी. आमच्या दुकानातही दिवाळीआधीच्या महिन्यात खरेदी बघून कुणी नफा काढला तर तोटाच दिसेल.

---

बीकॉम_तिसरं_वर्ष

सर, हा आमच्या परीक्षेतला प्रश्न आहे अगदी. सुरुवातीचा शिल्लक कच्चा माल अधिक खरेदी अधिक आवक भाडं वजा अखेरचा शिल्लक, म्हणजे वापरलेला माल. तो घ्यायचा, खरेदी नाही. आणि अर्धवट माल पण असेल ना? त्याची शिल्लक प्राइम कॉस्टमध्ये, म्हणजे माल आणि थेट मजुरीच्या बेरजेत, अॅडजस्ट करायची. दोन्ही आकडे द्या, मी शीट करून देतो.

---

पत्रावाला_कुपवाड

धन्यवाद. जानेवारीत खरेदी कमी झाली होती हे खरं, डिसेंबरमध्ये भाव बरा मिळाला म्हणून पत्रा भरून ठेवला होता. फेब्रुवारीच्या शेवटी परत भरला. म्हणजे घोळ तिथेच आहे तर.

एक तारखेला माल १,२०,००० चा होता, हे वहीत लिहिलेलं आहे. अखेरचा आज सुपरवायझरने मोजला: १,२८,०००.

अर्धवट माल म्हणजे वेल्डिंग होऊन उभे असलेले खोके ना? रंग नाही, कुलूप नाही, दारं नुसती टाचलेली. असे एक तारखेला १० होते, आता १६ आहेत. त्यांची किंमत कशी लावायची ते मला माहीत नाही. कपाट सात-आठ हजाराचं म्हणून सोळा खोके सव्वा लाखाचे धरू का?

---

जुना_हिशोबनीस

थांबा, सव्वा लाख धरू नका. मी ३१ वर्षं कारखान्यांत कॉस्टिंग केलं, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न आवडला म्हणून सावकाश लिहितो.

आधी कच्चा माल बघू. १,२०,००० मध्ये खरेदी ५,४०,००० आणि भाडं १२,००० मिळवा, १,२८,००० वजा करा. वापर आला ५,४४,०००. कागदावर बरोबर आहे. पण हा आकडा मी तसाच घेणार नाही, कारण शिल्लक मोजण्यात चूक असली तर ती इथे वापर म्हणून लपते. कॉस्ट शीटला कळतच नाही की माल वापरला, चोरीला गेला की मोजायचा राहिला.

म्हणून उलट बाजूने मोजा. एका कपाटाला पत्रा किती किलो लागतो आणि बाकी सामान किती रुपयांचं, हे तुम्हाला तोंडपाठ असेल. सांगा.

---

पत्रावाला_कुपवाड

पत्रा कापणीच्या तुकड्यांसकट ५९ किलोच्या आसपास. शेडमध्ये येईपर्यंत ६८ रुपये किलो पडतो, म्हणजे ४,००० धरतो. कुलूप, हँडल, बिजागऱ्या, रंग, प्रायमर, नटबोल्ट मिळून ८६०.

---

जुना_हिशोबनीस

छान. आता महिन्यात नवीन खोके किती घडले? पूर्ण झाले १००, त्यातले १० आधीच घडलेले होते, आणि शेवटी १६ घडून उभे आहेत. म्हणजे पत्रा कापला १०६ कपाटांचा: ४,२४,०००. कुलूप-रंग मात्र पूर्ण झालेल्या शंभरांनाच लागला: ८६,०००. बेरीज ५,१०,०००.

तुमचा वापर दिसतोय ५,४४,०००. फरक ३४,०००. हजार-दोन हजार इकडेतिकडे मी सोडून देतो, वजनात आणि भावात तेवढं होतंच. पण ३४,००० म्हणजे ६८ च्या भावाने बरोबर अर्धा टन पत्रा. तो कुठे गेला ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि चोरीचा संशय सगळ्यात शेवटी घ्या.

---

मिरज_होलसेल

हे लय भारी. मी वीस वर्षं धंदा करतोय, पण असं उलट मोजायचं कुणी सांगितलं नव्हतं.

---

सुगरण_रत्नागिरी

मध्येच विचारते, माफ करा. माझं लोणच्याचं काम आहे, घरच्या मागच्या शेडमध्ये. वर्षाच्या शेवटी मीठ लावलेल्या फोडींची पिंपं उरतात. मी तो माल बाटलीवरच्या किमतीने धरते, कारण शेवटी तेवढ्यालाच तर विकणार आहे. मग कॉस्ट शीट करताना अडचण येते, खर्च फारच कमी दिसतो. पत्रावाले दादांचाही प्रश्न हाच आहे ना, शिल्लक माल किती किमतीला लावायचा?

---

जुना_हिशोबनीस

ताई, त्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण तुमचा कमी महत्त्वाचा नाही. विक्रीच्या किमतीने शिल्लक धरलीत की न विकलेल्या लोणच्याचा नफा तुम्ही आजच घेतला. त्या नफ्याएवढा खर्च या वर्षीच्या शीटमधून वजा होतो, म्हणून तो कमी दिसतो. शिल्लक नेहमी खर्चाने धरायची, आणि माल खराब होऊन बाजारात खर्चाएवढीही किंमत उरली नसेल तर त्या कमी किमतीने.

तुमच्या पिंपात आंबा, मीठ आणि कापणीची मजुरी आहे. मसाला, तेल, बाटली, लेबल अजून गेलेलं नाही, मग ते धरायचं नाही. आणि एक बघा, वजन कुठलं घेता? शंभर किलो फोडी ६,००० खर्चून पिंपात भरल्या आणि पाणी सुटून निघताना पंच्याहत्तर किलोच निघाल्या, तर किलोचा खर्च ६० नाही, ८० आहे. पिंपात राहिलेला माल निथळलेल्या वजनाने मोजला तर ८० लावा.

---

सुगरण_रत्नागिरी

अगंबाई. मी साठच धरत आले. आमच्याकडे मिठात फोडी बऱ्यापैकी आकसतात. धन्यवाद काका. अजून एक, मी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे. दादांनी जीएसटी सोडून आकडे दिलेत, मीही तसेच घेऊ?

---

जुना_हिशोबनीस

नाही ताई. कंपोझिशनमध्ये खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताही येत नाही. बाटल्या, तेल, मसाले यांवर भरलेला कर हा तुमचा खर्चच. तो मालाच्या किमतीत धरा.

---

पत्रावाला_कुपवाड

सापडला!! आज सकाळी सुपरवायझरला घेऊन परत मोजायला बसलो. पत्र्याचे सगळे गठ्ठे खडूने खुणा करत मोजले, तरी फरक तेवढाच. मग तोच म्हणाला, "मालक, शिअरिंगवाल्याकडे पाठवलेला पत्रा धरलाय का?" आमचं कापणीचं मशीन शेवटच्या आठवड्यात बंद होतं, म्हणून शेजारच्या गाळ्यात पाचशे किलो पत्रा कापायला पाठवला होता. चलन फाईलला लावलेलं, पण माल आमच्या शेडमध्ये नाही म्हणून मोजलाच नाही. जाऊन बघितलं तर जसाच्या तसा पडलाय, कापलेलाही नाही. पाचशे किलो, ३४,०००.

म्हणजे अखेरचा माल १,६२,००० आणि वापर ५,१०,०००. काकांचा आकडा जसाच्या तसा. खरं सांगतो, मनात एका पोराविषयी शंका आली होती. वाईट वाटतंय.

---

बीकॉम_तिसरं_वर्ष

मस्त! आता मी करतो. माल ५,१०,००० + मजुरी ९६,००० + रंगारी ४०,००० = प्राइम कॉस्ट ६,४६,०००. आता यात सुरुवातीचा अर्धवट माल मिळवायचा, अखेरचा वजा करायचा, मग कारखाना खर्च. बरोबर ना सर? आमच्या क्लासमध्ये असंच सांगितलंय.

---

जुना_हिशोबनीस

अर्धं बरोबर आहे. अर्धवट माल कुठे अॅडजस्ट करायचा हे पाठ करून ठरत नाही, त्या मालाच्या किमतीत तुम्ही काय-काय धरलं यावर ठरतं.

त्या सोळा खोक्यांसमोर उभे राहा. एका खोक्यात पत्रा ४,००० चा गेलाय. कापणी, बेंडिंग, वेल्डिंगची मजुरी किती दिली?

---

पत्रावाला_कुपवाड

तिथपर्यंत ४५०. पुढे घासकाम, दारं बसवणं, फिटिंगचं वेगळं.

---

जुना_हिशोबनीस

ठीक. आता त्या मजुरीबरोबर शेडचं भाडं, लाईट, रॉड-गॅस, सुपरवायझर हेही थोडं त्या खोक्यात गेलंच आहे. तुमचा कारखाना खर्च ७४,०००, त्यातून भंगाराचे १०,००० वजा केले तर ६४,०००. मजुरी ९६,०००. म्हणजे मजुरीच्या दोन तृतीयांश. तर ४५० मजुरीमागे ३००. खोका पडला ४,७५०. सोळा खोके ७६,०००. सव्वा लाख धरले असते तर जवळपास पन्नास हजारांचा खर्च हवेत गेला असता.

एक तारखेचे दहा खोके तेव्हाच्या स्वस्त पत्र्याचे. तो किती होता?

---

पत्रावाला_कुपवाड

खोक्याला ३,८५० पडला होता.

---

जुना_हिशोबनीस

मग मजुरी आणि कारखाना खर्च तोच धरून ४,६०० चा खोका, दहांचे ४६,०००. या किमतीत कारखाना खर्च धरलेला आहे, म्हणून हा माल कारखाना खर्च मिळवल्यानंतरच अॅडजस्ट करायचा. विद्यार्थी मित्रा, तू नुसता पत्रा आणि मजुरी धरली असतीस, म्हणजे ४,४५० आणि ४,३००, तर प्राइम कॉस्टपाशी अॅडजस्ट करणं योग्य ठरलं असतं. तेव्हा कारखान्याची कॉस्ट ६,८१,८०० आली असती. माझ्या पद्धतीने ६,८०,००० येते. फरक १,८००, म्हणजे वाढलेल्या सहा खोक्यांचे तीनशे-तीनशे.

इथे तो फरक नगाला १८ रुपये, कुणाला झोप उडवायला नको. पण ज्या महिन्यात दहाचे साठ खोके होतात तेव्हा तो पंधरा हजारांवर जातो. आणि सगळ्यात घातक म्हणजे सुरुवातीचा माल एका पद्धतीने आणि अखेरचा दुसऱ्या पद्धतीने लावणं. मी अनेक ठिकाणी पाहिलंय, माणूस बदलला की पद्धत बदलते आणि कुणी लिहून ठेवत नाही. तुम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहा: अर्धवट खोका म्हणजे पत्रा, वेल्डिंगपर्यंतची मजुरी, आणि मजुरीच्या दोन तृतीयांश. ते प्रमाण दर महिन्याला बदलत राहू नका, वर्षातून एकदा तपासा.

---

बीकॉम_तिसरं_वर्ष

समजलं सर. आम्हाला पेपरात नुसता आकडा देतात, त्यात काय धरलंय ते विचारायचं असतं हे कधी डोक्यातच आलं नाही. आता पूर्ण शीट देतो, तपासा:

सुरुवातीचा कच्चा माल: १,२०,०००
खरेदी आणि आवक भाडं: ५,५२,०००
वजा अखेरचा कच्चा माल: १,६२,०००
वापरलेला माल: ५,१०,०००
मजुरी: ९६,०००
रंगाऱ्याचा ठेका: ४०,०००
प्राइम कॉस्ट: ६,४६,०००
कारखाना खर्च, भंगार वजा जाता: ६४,०००
अधिक सुरुवातीचा अर्धवट माल: ४६,०००
वजा अखेरचा अर्धवट माल: ७६,०००
वर्क्स कॉस्ट: ६,८०,०००
ऑफिस: २०,०००
उत्पादन खर्च: ७,००,०००
टेम्पो आणि कमिशन: ४०,०००
एकूण खर्च: ७,४०,०००

शंभर नग, म्हणून नगाला ७,४००. वीस टक्के नफा १,४८०. विक्री किंमत ८,८८०.

---

मिरज_होलसेल

शीट बरोबर, शेवटची ओळ चुकली. पत्रावाले, तुम्हाला वीस टक्के कशावर हवेत? खर्चावर की विक्रीवर? आमच्या बाजारात कुणी "वीस टक्के मार्जिन" म्हटलं तर ते विक्रीच्या भावावर असतं. शंभराला विकलं तर वीस माझे, ऐंशी खर्चाचे. मग ७,४०० हे ऐंशी टक्के. भाव ९,२५०. तपासून बघा, ९,२५० चे वीस टक्के १,८५०, वजा करा, ७,४०० उरतात.

८,८८० ला विकून तुम्ही वीस टक्के मिळाले समजलात, तर विक्रीवर पावणेसतराच पडतात. नगाला ३७० कमी, शंभर नगांवर ३७,००० महिन्याला. सुपरवायझरचा पगार निघून वर उरतील.

---

पत्रावाला_कुपवाड

आजवर खर्चावरच चढवत आलो. सीएला मात्र प्रत्येक वेळी "वीस टक्के मार्जिन आहे" असं सांगायचो. तो बॅलन्सशीट बघून म्हणायचा की तेवढं दिसत नाही, आणि मला वाटायचं कुठेतरी पैसा गळतोय.

म्हणजे ७,५६० च्या ऑर्डरीत नगाला फक्त १६० सुटतात. चाळीस नगांचे ६,४००. तोटा नाही एवढंच समाधान.

---

जुना_हिशोबनीस

त्या ऑर्डरीतले नग जुन्या पत्र्याचे असतील तर थोडे जास्त सुटतील. पण आता पुढची गोष्ट, आणि हीच मला जास्त महत्त्वाची वाटते. ही शीट फेब्रुवारीची आहे. ती मागे बघते. भाव तुम्हाला पुढच्या मालाचा द्यायचाय. आज पत्रा काय भावाने पडतो?

---

पत्रावाला_कुपवाड

आजच कळलं, पोहोच ७२.

---

जुना_हिशोबनीस

मग ५९ किलोला चार रुपये, २३६ वाढले. खर्च ७,६३६. विक्रीवर वीस टक्के हवे असतील तर ९,५४५. तुमच्या शेडमध्ये ६८ चा पत्रा शिल्लक आहे म्हणून जुन्या भावाने विकाल, तर मिळालेल्या पैशांत तेवढा पत्रा परत येणार नाही. शीटमध्ये शिल्लक तुमच्या खरेदीच्या भावानेच दाखवा, भाव ठरवताना मात्र आजचा पत्रा धरा. या दोन वेगळ्या वह्या आहेत असं समजा.

---

मिरज_होलसेल

काका, इथे मी सहमत नाही. बाजारात असं कपाट ८,९०० ला मिळतंय. तुमची शीट ९,५४५ म्हणाली म्हणून डीलर देणार नाही. मी तरी देणार नाही. पत्रा खाली आला तेव्हा कुणी कारखानदार स्वतःहून भाव उतरवत नाही, मग चढला की लगेच का चढवायचा? ज्याच्याकडे जुना पत्रा आहे त्याने महिनाभर जुना भाव धरून गिऱ्हाईक टिकवावं.

---

जुना_हिशोबनीस

तुमच्या खुर्चीतून ते रास्त आहे. पण मग ८,९०० ला विकताना त्यांना हे ठाऊक असू दे की नवीन पत्र्यावर नगामागे १,२६४ च राहतात, विक्रीच्या चौदा टक्के. बाजार भाव ठरवतो हे मला मान्य आहे. त्या भावात काम घ्यायचं का, किती नगांचं घ्यायचं आणि कधी नाही म्हणायचं, ते शीट बघून ठरवावं.

---

पत्रावाला_कुपवाड

दोन गोष्टी राहिल्या. एक, कॅश क्रेडिटचं व्याज महिन्याला ९,००० जातं. ते कुठेच आलं नाही. दुसरं, मी सकाळी आठ ते रात्री आठ शेडमध्ये असतो, माझा पगार कुठे धरलेला नाही. नफा म्हणजेच माझा पगार का?

---

बीकॉम_तिसरं_वर्ष

व्याज कॉस्ट शीटमध्ये येत नाही सर, हे पक्कं. इन्कम टॅक्स, देणगी, व्याज, सगळं बाहेर. आणि मालकाचा पगारही प्रोप्रायटरशिपमध्ये खर्च नसतो.

---

शेडवाली_चाकण

आमचं रबर पार्ट्सचं युनिट आहे, मी आणि नवरा दोघं बघतो. पुस्तकात बसत नाही म्हणून आम्ही तीन वर्षं दोघांचा पगार धरला नव्हता. नंतर त्याचं ऑपरेशन झालं, तीन महिने बाहेरून माणूस ठेवावा लागला आणि त्याला महिना तीस हजार दिले. तेव्हा कळलं की आमचा नफा म्हणजे आमची न दिलेली मजुरीच होती. त्या दिवसापासून भाव काढताना दोघांचा पगार धरते. शीट कशी का असेना.

---

जुना_हिशोबनीस

कॉस्ट शीटमध्ये व्याज नको हे मीही म्हणतो, आणि कारण आहे. दोन सारखीच कपाटं, एक कर्जाच्या पैशातून, एक स्वतःच्या. कपाट बनवायचा खर्च तोच, पैसा कुणाचा हा वेगळा प्रश्न. पण ते कुठून तरी वसूल झालंच पाहिजे, म्हणून नफ्याचा टक्का ठरवताना ते डोक्यात हवं. नगाला ९० रुपये होतात.

मालकाच्या पगाराबद्दल मात्र आम्हा जुन्या लोकांतही एकमत नाही. चाकणच्या ताईंचं म्हणणं मला पटतं, पण मग तो पगार कारखाना खर्चात धरायचा की ऑफिसमध्ये? तुम्ही निम्मा वेळ वेल्डिंगवर लक्ष ठेवता आणि निम्मा डीलरच्या फोनवर. कारखान्यात धरलात तर तुमचं दोन तृतीयांशाचं प्रमाण बदलेल, आणि त्याबरोबर अर्धवट खोक्यांची किंमतही. मी स्वतः तो शीटच्या बाहेर, नफ्याच्या ओळीखाली वेगळा दाखवत असे.

---

शेडवाली_चाकण

खाली दाखवला की भाव देताना विसरायला होतं, काका. मी वरच धरणार.

---

पत्रावाला_कुपवाड

मला अजून ठरवता आलेलं नाही. या महिन्यात दोन्ही करून बघतो, पगार धरून आणि न धरून.

मिरजेच्या डीलरला काल रात्री फोन केला. चाळीस नग ७,५६० लाच देणार, शब्द दिलाय. पुढच्या साठांना ९,२५० सांगितले आणि पत्रा ७० च्या वर गेला तर किलोमागचा फरक वेगळा लागेल असं म्हटलं. तो ९,००० म्हणाला, पत्र्याच्या अटीला हो किंवा नाही काहीच बोलला नाही. रविवारी बसायचं ठरलंय.

३१ तारखेला संध्याकाळी सहानंतर वेल्डिंग बंद ठेवून मोजणी करायची असं कारागिरांना सांगून ठेवलंय. शिअरिंगवाल्याच्या गाळ्यातही जाणार, आणि रंगाऱ्याकडे प्रायमर मारून पडलेले खोके असतात, तेही बघणार. त्यांची किंमत ४,७५० नाही ना लावायची? प्रायमर आणि थोडा ठेका त्यात गेलेला असतो.

---

जुना_हिशोबनीस

नाही. त्यांची वेगळी ओळ करा. रंगाऱ्याला प्रायमरनंतर किती देता ते लिहून पाठवा, मग बघू.

---

सुगरण_रत्नागिरी

काका, माझ्याकडे दोन पिंपं मागच्या वर्षीची आहेत. फोडी मऊ पडल्यात, लोणचं होईल पण पहिल्या प्रतीचं नाही, गोड लोणच्यालाच वापरेन. ती ८० ने लावू की कमी? आणि कमी तर किती?